दिवाळी फराळ २०२६: आगाऊ नोंदणीचे दर, आगाऊ रक्कम आणि नोंदणीची अंतिम मुदत

सप्रेम नमस्कार.

यंदा अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन रविवार, ८ नोव्हेंबर रोजी एकाच दिवशी येत असल्याने बहुतेक घरांना फराळ शनिवारपर्यंत हवा असणार, हे गृहीत धरून आम्ही नौपाड्यातील आमच्या स्वयंपाकघराचे वेळापत्रक आखले आहे. आम्ही तयार माल साठवून ठेवत नाही. जेवढी नोंदणी होईल तेवढेच पदार्थ केले जातात.

प्रति किलो दर पुढीलप्रमाणे आहेत.

भाजणीची चकली ६४० रुपये
पातळ पोह्यांचा चिवडा ४८० रुपये
साजूक तुपातील बेसन लाडू ८८० रुपये
पाकातले रवा लाडू ७६० रुपये
सुक्या खोबऱ्याची करंजी ८६० रुपये
शंकरपाळी ५६० रुपये
अनारसे १,१०० रुपये

कोणताही पदार्थ किमान पाव किलो घ्यावा लागेल. भेट देण्यासाठी दोन पेट्या आहेत. छोट्या पेटीत अनारसे वगळून वरील सहा पदार्थ प्रत्येकी पाव किलो असतील व तिची किंमत १,१०० रुपये आहे. मोठ्या पेटीत तेच सहा पदार्थ प्रत्येकी अर्धा किलो, शिवाय पाव किलो अनारसे, उटण्याची पुडी आणि दोन पणत्या असतील, आणि तिची किंमत २,५०० रुपये आहे. कार्यालये व सोसायट्यांना एकत्रित वीस किंवा अधिक पेट्या घेतल्यास एकूण रकमेवर ५ टक्के सवलत मिळेल.

नोंदणी करताना एकूण रकमेच्या निम्मी रक्कम आगाऊ भरावी लागेल, म्हणजे छोट्या पेटीसाठी ५५० आणि मोठ्या पेटीसाठी १,२५० रुपये. ही रक्कम यूपीआयने किंवा रोख देता येईल, आणि ती मिळाल्यावर आम्ही पाठवलेला पावती क्रमांक हीच आपली पक्की नोंद समजावी. तूप, काजू, वेलची आणि खसखस आम्ही नोंदणीनुसार वाशीच्या घाऊक बाजारातून आधीच उचलतो, म्हणूनच ही रक्कम मागावी लागते. उरलेली रक्कम फराळ हाती पडताना द्यावी.

अनारसे आणि मोठ्या पेट्यांची नोंदणी दसऱ्याला, मंगळवार, २० ऑक्टोबर रोजी रात्री नऊ वाजता बंद होईल. बाकी पदार्थ आणि छोट्या पेट्यांसाठी रविवार, २५ ऑक्टोबर, रात्री नऊ ही मुदत आहे. अनारशांसाठी मुदत अलीकडची ठेवण्याचे कारण त्यांच्या कृतीतच आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचे, मग ते कापडावर सावलीत पसरून हाताला किंचित ओलसर लागतील एवढेच वाळवायचे, कुटून-चाळून गुळात मळायचे आणि त्या पिठाचे गोळे चार-पाच दिवस मुरू द्यायचे, यातला एकही दिवस वाचवता येत नाही. गेल्या वर्षी मुदतीनंतर आलेल्या काही मागण्या आम्ही भिडेखातर घेतल्या, पीठ पुरते मुरले नव्हते आणि अनारसे तुपात सोडताच हसले. तो पूर्ण घाणा बाजूला ठेवावा लागला आणि त्या घरांना आम्हाला नाही म्हणावे लागले. तसा प्रसंग पुन्हा कोणावर येऊ नये, म्हणून यंदा ओळखीच्या माणसांसाठीही मुदत वाढवली जाणार नाही. चकलीची भाजणीही आम्ही प्रत्येक धान्य वेगळे भाजून गिरणीवर समोर उभे राहून दळून आणतो, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गिरणीत रांग किती असते हे आपण जाणताच.

संबंधित मुदतीपर्यंत नोंदणी रद्द केल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत केली जाईल. त्यानंतर ती परत मिळणार नाही, मात्र नोंदणी दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करता येईल किंवा पोहोचवण्याचा पत्ता ३ नोव्हेंबरपर्यंत बदलता येईल. आमच्याकडून एखादा पदार्थ देणे जमले नाही, तर त्याची पूर्ण किंमत त्याच दिवशी परत केली जाईल.

फराळ बुधवार, ४ ते शनिवार, ७ नोव्हेंबर या काळात सकाळी दहा ते रात्री आठ या वेळेत पोहोचवला जाईल. नौपाडा, पाचपाखाडी आणि चरई येथे शुल्क नाही. वर्तकनगर आणि कासारवडवलीपर्यंतच्या घोडबंदर रस्त्यासाठी ८० रुपये, तर ऐरोली, घणसोली आणि वाशीसाठी १५० रुपये आकारले जातील. स्वतः येऊन नेणाऱ्यांनी आदल्या दिवशी वेळ कळवावी.

चिवड्यात शेंगदाणे व काजू, करंजी आणि शंकरपाळीत मैदा आहे, आणि सर्व पदार्थ एकाच स्वयंपाकघरात होतात. घरात कोणाला यांपैकी कशाची अॅलर्जी असल्यास नोंदणीपूर्वी आवर्जून सांगावे. करंजी दहा दिवसांत संपवावी. चकली आणि शंकरपाळी हवाबंद डब्यात तीन आठवडे चांगली राहतात.

नोंदणीसाठी याच संदेशाला उत्तर देऊन पदार्थ, वजन, पत्ता आणि सोयीचा दिवस कळवावा.

आपले नम्र,
घरगुती फराळ, नौपाडा, ठाणे