पीडीएफमधील आकृतीवर बाण, चौकट आणि मुक्त रेषा

खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत आठवीला हृदयाची आकृती पडद्यावर शिकवताना, ऑक्युलर या पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून F6 दाबावे, म्हणजे खुणांची पट्टी दिसते. आकारांच्या बटणातून बाण निवडावा, उजव्या जवनिकेवर टिचकी देऊन फुफ्फुस धमनीपर्यंत न्यावा आणि पुन्हा टिचकी द्यावी; आकृतीत उजवी बाजू आपल्या डावीकडे असते, हे मुलांना आधीच सांगावे, कारण नेमका इथेच गोंधळ होतो. झडपेभोवती चौकट ओढावी. मुक्त रेषा माउसने थरथरते, म्हणून ती छोट्या वळणापुरतीच वापरावी आणि नावे झाकू देऊ नयेत. शेवटी Save As वापरून वेगळ्या नावाने जतन करावे, म्हणजे मूळ आकृती पुढच्या तुकडीसाठी कोरी राहते.