रुग्ण हँडओव्हर : निरीक्षण व अभिप्राय

मेडिसिन वॉर्ड (पुरुष), जिल्हा रुग्णालय, खान्देश
हँडओव्हर देणारे : कनिष्ठ निवासी, पहिले वर्ष
वेळ : रात्री ८ ते ८.१४, रुग्ण ११
निरीक्षक : युनिटचे सहायक प्राध्यापक

गुण (प्रत्येकी ०, १ किंवा २)
रुग्णाची ओळख, बेड, निदान : २
गंभीर रुग्ण आधी सांगणे : ०
थोडक्यात इतिहास : २
आत्ताची स्थिती, आकड्यांसह : २
चालू औषधं : २
रात्रीची कामं, कोणी आणि किती वाजता : १
बिघडलं तर काय करायचं : १
घेणाऱ्याकडून परत वदवून घेणे : ०
नातेवाइकांना काय सांगितलंय : २
एकूण : १८ पैकी १२

एकंदर मत : ५ पैकी २ (देखरेखीशिवाय हँडओव्हर देऊ नये)

बारा गुण असूनही मत दोनवर का, हे तुला खटकेल, म्हणून सविस्तर लिहितो.

तू बेडच्या क्रमाने गेलास. त्यामुळे नऊ नंबरचा, कपाशीवर फवारायचं औषध प्यालेला पोरगा नवव्या क्रमांकावर आला. तोवर कॅज्युअल्टीचा फोन दोनदा वाजून गेला होता आणि घेणारीचं लक्ष दाराकडे होतं. तू म्हणालास, "ऑर्गॅनोफॉस्फेट, तीस तास झाले, अ‍ॅट्रोपिन कमी करत आणलंय, स्टेबल." पुढचा बेड. दुपारी सिस्टरने सांगितलं होतं की त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. ते तुझ्याच नोट्समध्ये होतं, तोंडून मात्र निघालं नाही. २४ ते ९६ तासांच्या या टप्प्यात इंटरमीडिएट सिंड्रोमने श्वासाचे स्नायू दमतात आणि तिथे अ‍ॅट्रोपिन कामाचं नाही, हे तुला पाठ आहे. मी मध्ये पडून विचारलं, तेव्हा एका श्वासात त्याची मोजणी अकरावर थांबली. साडेआठला त्याला आयसीयूत हलवलं. मी तिथे नसतो तर?

"स्टेबल" हा शब्द हँडओव्हरमधून काढून टाक. त्याऐवजी असं म्हण : "सगळ्यात आधी नऊ नंबर. मान उचलत नाही. दर तासाला मान आणि एका श्वासातली मोजणी बघ. मोजणी घसरली तर एसपीओटू पडायची वाट न बघता भूल विभागाला बोलाव." मग तिच्याकडून ते परत म्हणवून घे. नुसत्या "हो हो"वर पुढे जाऊ नकोस.

हे तुला जमत नाही असं नाही. चार नंबरच्या अक्कलकुव्याच्या सिकलसेलवाल्याबद्दल तू न विचारता सांगितलंस : ताप आला, छातीत दुखलं किंवा ऑक्सिजन उतरला तर लगेच एक्स-रे आणि मला फोन. घरच्यांना फक्त पावरी कळते म्हणून वॉर्डातल्या मावशींना मध्ये घेतलंस, हेही सांगितलंस. हे आमच्यातल्या जुन्यांनाही सुचत नाही.

(आवाज जरा वाढव. कूलरच्या घरघरीत शेवटचे दोन रुग्ण मला ऐकूच आले नाहीत.)

गुरुवारी रात्री पुन्हा बसतो, याच तक्त्यावर. त्या दिवशी पावणेआठला ये. कोणता रुग्ण पहिला, ते आधी मला सांग.