चैत्यभूमी, ६ डिसेंबर : शिवाजी पार्क मैदानावरून ध्वनिक्षेपकावर वाचायची सूचना

(५ डिसेंबरच्या संध्याकाळपासून ७ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने वाचावी. सावकाश वाचावी. नंबर दोनदा सांगावेत.)

जय भीम! महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि महाराष्ट्राबाहेरूनही बाबासाहेबांना अभिवादन करायला आलेल्या सर्व बंधू-भगिनींनो, दोन मिनिटं कान इकडे द्या. चालत असाल तर चालत राहा, सूचना ऐकायला वाटेत थांबू नका.

पहिली गोष्ट. चैत्यभूमीचं दर्शन रात्रभर चालू आहे, मध्ये कुठेही बंद होणार नाही. "आता बंद करणार आहेत, लवकर चला" असं रांगेत कोणी म्हणालं तर ते खोटं समजा. बंद-चालू काय असेल ते याच माईकवरून सांगितलं जाईल, दुसरीकडून आलेल्या बातमीवर पाऊल उचलू नका.

आता गेट. दादर स्टेशनवरून रानडे रोडने येणाऱ्यांनी मैदानात एक नंबरच्या गेटने यायचं. दर्शनाची रांग याच गेटपासून सुरू होते आणि मैदानातल्या बांबूच्या पट्ट्यांमधून सावरकर मार्गाकडे जाते. मध्येच बांबूखालून घुसू नका. तुम्ही एकटे घुसता, पण तुमच्या मागे वीस जण घुसतात, आणि त्यांचा सगळा भार पुढच्या म्हातारीच्या पाठीवर येतो.

दोन नंबरचं गेट म्हातारीकोतारी माणसं, गरोदर बाया, कडेवर मूल असलेल्या आया आणि अपंग बांधवांसाठी आहे. त्यांच्यासोबत एकाच माणसाने जायचं. आजीला पुढे करून मागे अख्खं घर आलं तर स्वयंसेवक परत पाठवतील, त्यांच्यावर रागावू नका. व्हीलचेअर गेटच्या आतच डाव्या हाताला मिळेल, पैसे नाहीत.

तीन नंबरचं गेट फक्त बाहेर पडण्यासाठी आहे. तिथून आत कोणालाही सोडलं जाणार नाही, मग तो कार्यकर्ता असो की पाहुणा.

चार नंबरच्या गेटसमोर उभं राहू नका, बसू नका, पथारी टाकू नका, जेवायला तर अजिबात बसू नका. ती रुग्णवाहिकेची आणि अग्निशमन दलाच्या गाडीची वाट आहे. आत्ता ती रिकामी दिसते म्हणून मोह होतो. ती रिकामीच राहिली पाहिजे.

सगळ्यांत महत्त्वाचं ऐका. ज्या वाटेने आलात त्या वाटेने परत जायचं नाही. दर्शन झालं की स्तूपापुढे थांबून फोटो काढत बसू नका, स्वयंसेवक दाखवतील त्या बाजूने पुढे निघा. बरोबरचा माणूस मागे राहिला म्हणून उलट्या दिशेने रांगेत शिरू नका. तीन नंबरच्या गेटबाहेर निळा झेंडा लावलेला उंच खांब आहे, त्याखाली थांबा. आत्ताच, रांगेत असतानाच, आपल्या माणसांना सांगून ठेवा : चुकामूक झाली तर खांबाखाली भेटायचं. गर्दीत मोबाईल लागत नाही, खांब मात्र जागचा हलत नाही.

रांग थांबली तर थांबा. पुढे काय झालंय ते मागच्याला दिसत नाही. म्हणून तो ढकलतो, आणि पुढच्याला मागचा दिसत नाही म्हणून त्याला सरकता येत नाही. इथून जवळच, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ माणसं गेली. बाहेर पाऊस होता आणि अरुंद जिन्यावर माणसं अडकली होती. हे घाबरवायला सांगत नाही. ढकलणाऱ्याला आपण काय करतोय ते कळावं म्हणून सांगतो.

फारच दाटी झाली आणि श्वास कोंडू लागला तर दोन्ही हात मुडपून छातीसमोर धरा, म्हणजे फासळ्यांना हलायला जागा राहते. मागच्या रेट्याला उलटा रेटा देऊ नका, तिरकं-तिरकं कडेच्या बांबूकडे सरका. चप्पल निघाली तर जाऊ द्या. मोबाईल पडला तरी वाकू नका. शेजारी कोणी पडलं तर दोघा-तिघांनी हात पसरून त्याच्याभोवती कडं करा, त्याला उठवा आणि हात वर करून "थांबा" असं ओरडा. हात वर दिसला की मागच्या प्रत्येकाने आपलाही हात वर करायचा आणि जागीच थांबायचं.

रांगेत मेणबत्ती आणि अगरबत्ती पेटवू नका. पुढच्या बाईच्या पदराला ठिणगी लागायला क्षणही लागत नाही.

चौपाटीवर गेलात तर पाण्यात उतरू नका. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मुलांनो, खास तुम्हाला सांगतो : समुद्र म्हणजे गावचा तलाव नाही. भरती कधी पायाखाली येते ते कळत नाही.

आता नंबर. मोबाईल काढा, नाहीतर शेजारच्याला लक्षात ठेवायला सांगा. पोलिसांसाठी किंवा कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी एक-एक-दोन, ११२. रुग्णवाहिकेसाठी एक-शून्य-आठ, १०८. आगीसाठी एक-शून्य-एक, १०१. महापालिकेचा आपत्कालीन कक्ष एक-नऊ-एक-सहा, १९१६. हरवलेल्या किंवा एकट्या दिसलेल्या मुलासाठी एक-शून्य-नऊ-आठ, १०९८. रेल्वेसाठी एक-तीन-नऊ, १३९. फोनवर बोलताना "शिवाजी पार्क" एवढंच सांगू नका, मैदान मोठं आहे. जवळच्या विजेच्या खांबावर पिवळ्या रंगात आकडा लिहिलाय, तो सांगा.

फोन लागला नाही तर लाल टोपीचा स्वयंसेवक गाठा, त्याच्याकडे वायरलेस आहे. दवाखान्याचे तंबू दोन आहेत, एक दोन नंबरच्या गेटजवळ आणि दुसरा पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगेच्या शेवटी. रात्रभर गाडीत बसून, उपाशीपोटी थेट रांगेत उभं राहिलेली माणसंच जास्त चक्कर येऊन पडतात. आधी पाणी प्या, दोन घास खा, मग रांगेला लागा. रक्तदाबाची, साखरेची गोळी घ्यायची राहिली असेल तर आत्ता घ्या.

लहान मुलांच्या खिशात घरच्यांचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. कागद-पेन नियंत्रण कक्षाच्या टेबलावर आहे. आज दुपारपासून सात मुलं आमच्याकडे आली आणि सातही घरच्यांच्या हाती गेली. त्यातल्या पाचांच्या खिशात चिठ्ठी होती.

परतीसाठी दादर स्टेशनवर एकदम गर्दी करू नका. पश्चिम रेल्वेचे फलाट एक ते सात आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा आहेत. लांबच्या गाडीने जाणाऱ्यांनी गाडी दादरहून सुटते की सीएसएमटीहून, ते तिकिटावर आधी बघून घ्या. पुलावर थांबून माणसं मोजू नका, खाली फलाटावर उतरून मोजा.

पुस्तकांच्या स्टॉलवर जरूर जा, पण दर्शन झाल्यावर. पुस्तकांची पिशवी घेऊन रांगेत उभं राहिलं की हात मोकळे राहत नाहीत.

आणि आत्ताच आलेली सूचना. निळा फ्रॉक घातलेली, साधारण चार वर्षांची मुलगी नियंत्रण कक्षात बसली आहे. नाव विचारलं की नुसतं "माऊ" म्हणते. पायात एकच चप्पल आहे. तिच्या घरच्यांनी धावत येऊ नये, चालत यावं. ती बिस्कीट खाते आहे, मजेत आहे.