हृदय रक्त कसे ढकलते : दोन फुग्यांच्या पंपावरून समजून घेण्याचे टिपण

(रुग्णसेवा सहायिकांच्या इंदूर येथील मराठी वर्गासाठी. टिपण वाचताना फळ्यावरील आकृती समोर असावी.)

प्रात्यक्षिकासाठी सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून डब्यातले रॉकेल किंवा डिझेल उपसण्याचे दोन नवे, न वापरलेले रबरी फुगे आणले आहेत. फुग्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक झडप असून ती एकाच दिशेने उघडते, आणि ती दिशा फुग्यावरच्या बाणाने दाखवलेली आहे. बीपीच्या यंत्राचा फुगा तुमच्या रोजच्या हातातला असला, तरी तो हवेसाठी बनवलेला आहे. त्यात पाणी घालून तो खराब करू नये.

मांडणी अशी आहे. लाल रंगाच्या पाण्याची बादली म्हणजे सारे शरीर. बादलीतून निघालेली नळी पहिल्या फुग्यात जाते, त्या फुग्यातून पाणी एका पारदर्शक बरणीत पडते, आणि ही बरणी म्हणजे फुप्फुसे. बरणीतले पाणी दुसरा फुगा उचलतो व पुन्हा बादलीत सोडतो. पहिला फुगा हृदयाची उजवी बाजू आहे, दुसरा डावी. मॉडेलमध्ये हे दोन फुगे वेगळे ठेवले असले, तरी छातीत ते एकमेकांना चिकटलेले, मधे एक भिंत असलेले आणि एकाच वेळी आवळले जाणारे असतात.

आता आकृतीकडे वळू. आकृती समोर उभ्या असलेल्या रुग्णाची आहे, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते. दरवर्षी निम्मा वर्ग इथेच चुकतो, तेव्हा आधी रुग्णाच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. खूण १ ही वरची आणि खालची महाशीर आहे. शरीरभर फिरून, प्राणवायू देऊन आलेले रक्त तिच्यातून खूण २ म्हणजे उजव्या अलिंदात, हृदयाच्या वरच्या कप्प्यात, येते. तिथून ते त्रिदल झडपेतून, खूण ३, उजव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात, उतरते, खूण ४. हे निलय आवळले की रक्त खूण ५ च्या फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे जाते. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन आलेले रक्त फुप्फुस शिरांतून, खूण ६, डाव्या अलिंदात येते, खूण ७. द्विदल झडप, खूण ८, ओलांडून डाव्या निलयात उतरते, खूण ९. आणि तिथून महाधमनीत, खूण १०, ढकलले जाते. निलयातून बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटांवरही एकेक झडप आहे, ती आकृतीत लहान चंद्रकोरींनी दाखवली आहे. आकृतीत एक बाजू निळी रंगवली आहे ती केवळ ओळखीसाठी. प्राणवायू कमी असलेले रक्त निळे नसते, गडद लाल असते.

खूण ९ ची भिंत खूण ४ पेक्षा जाड काढली आहे, ही चित्रकाराची चूक नव्हे. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त न्यायचे असते, डाव्याला मात्र डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. घरचा टुल्लू पंप पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि जलूदचे पंप नर्मदेचे पाणी घाट चढवून इंदूरला आणतात, या दोहोंतला फरक इथे आठवावा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची की दोन्ही निलयांना एका मिनिटात सारखेच रक्त पुढे पाठवावे लागते. ताकद वेगळी, माप एकच. प्रौढ माणसाचे निलय विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या लहान ग्लासाएवढे, रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हे सुमारे ५ लिटर होते, आणि शरीरातले एकूण रक्तही साधारण तेवढेच असते.

फुगा हातात घेतल्यावर प्रत्येकीचे लक्ष दाबण्याकडे असते. परंतु फुगा दाबून धरून ठेवला, किंवा पुरता सुटू न देता लागोपाठ दाबत राहिलात, तर नळीतून बारीक धार येते, कारण फुग्यात पाणी भरायला वेळच मिळालेला नसतो. मिनिटाला ७५ ठोके पडत असताना एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात; त्यांपैकी सुमारे ०.३ सेकंद निलय आवळलेले आणि ०.५ सेकंद सैल असते. ठोके वाढतात तेव्हा सैलावण्याचा हा काळ अधिक कापला जातो. त्यामुळेच नाडी अतिशय जलद चालत असूनही रुग्णाला घेरी येऊ शकते. शिवाय डाव्या निलयाच्या जाड स्नायूला स्वतःचे रक्तही मुख्यतः तो सैल असतानाच मिळते.

येथे मॉडेल थोडे खोटे बोलते, तेही सांगितले पाहिजे. रबरी फुगा सुटताना पाणी ओढून घेतो. निलय मात्र मुख्यतः शिरांतून येणाऱ्या रक्ताच्या दाबाने भरते आणि शेवटी अलिंद आवळून त्यात थोडी भर घालते. तसेच फुग्याला बाहेरून हात लागतो, हृदयाचा स्नायू स्वतःच आवळतो.

यानंतर दोघींनी दोन फुगे घ्यावेत. उजवीकडची नेहमीच्या जोराने दाबेल, डावीकडची मुद्दाम अर्धवट. काही वेळातच बरणी भरत जाऊन पाणी काठाशी येईल. डावे निलय दुबळे झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत हेच घडते : रक्त मागे तुंबते आणि त्याला आडवे पडले की धाप लागते, रात्री उठून बसावे लागते. अशा रुग्णाला सपाट झोपवू नये. पाठ उंच करून बसवावे आणि सिस्टरला लगेच कळवावे. भूमिका बदलून उजवा फुगा अर्धवट दाबला की बादलीच्या बाजूला पाणी साचते. रुग्णाच्या घोट्यांवर येणारी, बोटाने दाबल्यावर खड्डा राहणारी सूज पाहताना ही बादली आठवावी. अशा रुग्णाचे वजन रोज सकाळी त्याच काट्यावर घ्यावे, कारण साचलेले पाणी सूज दिसण्याआधी काट्यावर दिसू शकते.

झडप बिघडवून पाहायची असेल तर फुग्यात पाणी येण्याच्या तोंडाच्या झडपेत काडी अडकवावी. दाबले की थोडे पाणी पुढे आणि थोडे मागे जाते, हात दमतो, बादलीत मात्र कमी पडते. गळक्या झडपेचे हृदयही असेच दुप्पट राबते.

नाडी मोजताना बोटांखाली लागणारी लाट म्हणजे खूण ९ चे एक दाबणे. ठोके अनियमित असतील तर १५ सेकंद मोजून चाराने गुणू नये, पूर्ण एक मिनिट मोजावे. पुरते न भरलेल्या निलयाचा ठोका कधी मनगटापर्यंत पोचतच नाही, म्हणून स्टेथोस्कोपने मोजलेला आकडा नाडीपेक्षा जास्त येऊ शकतो. असे झाल्यास दोन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत. जुळवून एक करू नयेत.

हृदय थांबलेल्या रुग्णासाठी पुतळ्यावर करायच्या सरावात छाती ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची असते. दमल्यावर आपण छातीवर रेलून राहतो आणि मग निलय भरत नाही. तसे होऊ लागले की दुसरीला जागा द्यावी. गुरुवारच्या सरावाला सेकंदकाटा असलेले घड्याळ प्रत्येकीने आणावे.