निलंबित खात्याबाबत फेरविचाराची विनंती: @kadoli_bhajidar

सहाय्य विभाग,
नमस्कार.

मंगळवार, 8 जुलै 2025 रोजी सकाळी 6 वाजून 52 मिनिटांनी माझं खातं @kadoli_bhajidar ‘स्पॅम’ म्हणून निलंबित झालं. हा माझा दुसरा अर्ज आहे. पहिला त्याच दिवशी घाईत भरला होता. त्यात ‘मी काहीच केलेलं नाही, खातं कुणीतरी हॅक केलं असावं’ असं लिहिलं होतं, तो मागे घेतो. हॅक वगैरे काही झालेलं नाही. घोटाळा माझ्याच हातून झाला आणि तो कसा झाला हे आता सापडलं आहे.

आधी खातं कशाचं ते सांगतो. मी बेळगाव तालुक्यातल्या कडोलीचा. आमच्याकडे घरोघरी भाजीचं पीक. माझे मामा रोज पहाटे बेळगावच्या बाजारात माल घेऊन जातात. लिलावात मेथी-कोथिंबीर शेकडा काय गेली, मिरची, बटाटा क्विंटलला काय बसला, हे ते मोबाइलवरच्या एका तक्त्यात भरतात. तो दर मी जून 2022 पासून नऊ ग्रुपमध्ये टाकतो. सगळे मिळून 2,340 सभासद आहेत, बहुतेक कडोली, उचगाव, येळ्ळूर आणि खानापूरकडचे शेतकरी. आज भाजी काढायची की दोन दिवस रानात ठेवायची, बेळगावला द्यायची की गोव्याच्या टेम्पोत भरायची, हे ते दर बघून ठरवतात. यातून मला एक रुपयाही मिळत नाही, जाहिरात नाही, मेसेजमध्ये कुठली लिंकही नसते.

पहिली दोन वर्षं सगळं हाताने टाइप केलं. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती तक्ता वाचते, मराठीत आणि कन्नडमध्ये मेसेज तयार करते आणि आपल्या डेव्हलपर कीने नऊ ठिकाणी टाकते. ती मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर चालते आणि त्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

सोमवारी रात्री दहाच्या सुमारास मी वेळ बदलायला बसलो. पावसात लिलाव लवकर आटोपतो, म्हणून दर 7 ऐवजी पावणेसातला जावा एवढंच करायचं होतं. स्क्रिप्ट चालते का हे बघायला तासाच्या जागी 16, म्हणजे यूटीसीप्रमाणे तेव्हाचा तास, आणि मिनिटाच्या जागी तारा टाकला, म्हणजे ती त्या तासात दर मिनिटाला चालेल. मी एकटाच असलेल्या चाचणीच्या ग्रुपमध्ये दोन-तीन मेसेज आले, समाधान झालं. मग तासाचा 16 काढून 1 केला, ग्रुपची खरी यादी परत जोडली आणि झोपलो. मिनिटाचा तारा तसाच राहिला:

```
* 1 * * *  /home/bhav/dar.sh
```

हवं होतं ते हे:

```
15 1 * * *  /home/bhav/dar.sh
```

वरच्या ओळीचा अर्थ एकदा पाठव असा होत नाही. यूटीसीचा 1 वाजल्यापासून 1:59 पर्यंत प्रत्येक मिनिटाला पाठव, असा होतो. आपल्याकडे ती वेळ सकाळी साडेसहा ते 7:29. सर्व्हरची नोंद काढून पाहिली. 6:30 ते 6:52 या वेळात स्क्रिप्ट 23 वेळा चालली, नऊ ग्रुप धरून 207 मेसेज गेले. आपण थांबवलं नसतं तर 540 गेले असते. त्यात आणखी एक वाईट गोष्ट झाली. मामा तक्ता पावणेसातच्या आत भरतात, साडेसहाला नाही. त्यामुळे पहिले दहा-बारा मेसेज आदल्या दिवशीच्या दराचे होते.

मी तेव्हा गोठ्यात होतो, फोन घरात चार्जिंगला. उचगावच्या एका काकांनी आईच्या फोनवर फोन केला, ‘एवढ्यांदा सांगतोय तुमचा पोरगा, मेथी काय सोन्याची झाली काय?’ मी धावत येऊन बघेपर्यंत खातं बंद झालं होतं. ज्या सभासदांनी स्पॅमची तक्रार केली त्यांचा मला राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केली असती.

तेव्हा त्या सकाळी तुमच्या यंत्रणेने मेसेज थांबवले ते बरोबरच केलं. माझं म्हणणं खात्यापुरतं आहे. त्याआधीची तीन वर्षं तपासून पाहा, दिवसाला प्रत्येक ग्रुपात एकच मेसेज दिसेल, बाजार बंद असेल त्या दिवशी तोही नाही.

नोटिशीत आणखी दोन कारणं आहेत. ‘वेगवेगळ्या ठिकाणांहून लॉगिन’ हे खरं आहे, पण ते सगळे लॉगिन माझेच. सर्व्हर मुंबईत आणि मी सीमेवर. खानापूरच्या पुढे गेलं की फोन कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्र-गोव्याचा, आमच्या भागात यात नवल नाही. ‘एकच मजकूर अनेक ग्रुपमध्ये’ हेही खरं, कारण दर सगळ्यांना एकच असतो आणि तो दोन भाषांत द्यावाच लागतो. एकाच बांधावर एक घर मराठी वाचतं, शेजारचं कन्नड.

एक चूक मात्र आपल्या नोटिशीत नाही, ती मीच सांगतो. खातं आपोआप मेसेज पाठवत असेल तर प्रोफाइलवर तसं नमूद करावं लागतं, हा नियम मी परवा पहिल्यांदा वाचला. माझ्या प्रोफाइलवर तसं लिहिलेलं नव्हतं.

सध्या स्क्रिप्ट पूर्ण बंद आहे आणि जुनी डेव्हलपर की मी रद्द केली आहे. आता स्क्रिप्ट पाठवण्याआधी आजची तारीख एका फाइलमध्ये बघते, तारीख आधीच लिहिलेली असेल तर गप्प बसते. तक्त्यावर आजची तारीख नसली तरी पाठवत नाही. पुन्हा कधी तारा चुकला तरी दुसरा मेसेज जाणार नाही. तरीही आपली परवानगी मिळेपर्यंत ती सुरू करणार नाही, दर हाताने टाकीन.

खातं पुन्हा सुरू करावं ही विनंती. सुरू झाल्यावर प्रोफाइलवर ‘स्वयंचलित’ असं लिहीन, ते 207 मेसेज काढीन आणि सभासदांची माफी मागणारा एक मेसेज टाकीन. काही महिने दिवसाला ठरावीक मेसेजची मर्यादा घातली तरी हरकत नाही, मला नऊच लागतात. आणि सुरू करणं शक्यच नसेल, तर निदान तीन वर्षांचे दर उतरवून घेऊ द्यावेत. नवरात्राच्या आसपास रताळी निघू लागतील, तेव्हा मागच्या वर्षी कुठल्या आठवड्यात भाव पडला होता हे लोक मलाच विचारतात आणि ते दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

पहिल्या अर्जाला दोन मिनिटांत नकार आला, तो बहुधा यंत्राचा असावा. हा अर्ज मराठी वाचणाऱ्या माणसाकडे गेला तर बरं होईल. उत्तर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आलं तरी चालेल. सर्व्हरची त्या सकाळची पूर्ण नोंद सोबत जोडली आहे. ओळख पटवायला काही लागलं तर खात्याशी जोडलेल्या नंबरावर कळवावं, दुपारी तीननंतर मी रानातून परत आलेला असतो.

आपला,
संतोष
@kadoli_bhajidar
कडोली, ता. जि. बेळगाव