सुपे १८७५ : शेतकऱ्यांनी कर्जखतेच का जाळली?

इतिहास प्रकल्प, इयत्ता बारावी (कला शाखा), तुकडी अ
हजेरी क्रमांक १४, २२ आणि ३१

सारांश

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आसपासच्या गावांतील शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडून खातेवह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. काही ठिकाणी घरांनाही आगी लागल्या. हे लोण पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर का होता, हा या प्रकल्पाचा प्रश्न आहे.

आमच्या मते उत्तर कर्जाच्या रकमेपेक्षा कर्ज लिहिण्याच्या पद्धतीत आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षे ग्राह्य ठरवले. व्याज वाढत जाऊ नये हा कायद्याचा हेतू होता. व्यवहारात सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. खतावर अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नसे. दिवाणी न्यायालयात मात्र तेच खत पुरावा ठरे. म्हणून खत जाळणे म्हणजे सावकाराच्या हातातला पुरावाच नाहीसा करणे होते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला तेजी आली, तेव्हा कर्ज सहज मिळत होते. युद्ध संपताच पत आटली. त्यातच १८६७ पासूनच्या फेरआकारणीत सारा वाढला. कापसाचे मुख्य पट्टे खानदेश, वऱ्हाड आणि धारवाडकडे होते. भीमथडी-शिरूर हा ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू मुलूख. त्यामुळे कापसाच्या मंदीला एकमेव कारण मानणे आम्ही टाळले आहे. चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आला. साऱ्याचा बोजा हे कारण नसून दोष सावकारांचा, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोग सरकारनेच नेमलेला असल्यामुळे हा निष्कर्ष आम्ही जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला खतामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा दिली. कागदाबद्दलची तक्रार सरकारलाही मान्य करावी लागली, याचा हा आमच्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा आहे.

अनुक्रमणिका

| क्र. | घटक | पृष्ठ |
|---|---|---|
| | सारांश | १ |
| | अनुक्रमणिका | २ |
| | ऋणनिर्देश | ३ |
| १ | विषयाची निवड, उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती | ४ |
| २ | रयतवारी : सारा कोण ठरवी, कोण भरी | ६ |
| ३ | कापसाची तेजी आणि मंदी, १८६१–१८६५ | ९ |
| ४ | एका कर्जाचा हिशेब : १०० रुपयांचे तीन वर्षांनी काय होई (नमुना गणित) | १२ |
| ५ | करडे (ता. शिरूर) : १८७४ चा सावकारांवरील बहिष्कार | १६ |
| ६ | सुपे, १२ मे १८७५ | १८ |
| ७ | आयोगाचा अहवाल : कोणाचे म्हणणे नोंदले, कोणाचे राहिले | २२ |
| ८ | १८७९ चा कायदा आणि त्याच्या मर्यादा | २७ |
| ९ | निष्कर्ष | ३० |
| | परिशिष्ट अ : दंग्यांच्या गावांचा नकाशा | ३२ |
| | परिशिष्ट आ : मोडी कर्जरोखा, छायाप्रत व देवनागरी लिप्यंतर | ३३ |
| | परिशिष्ट इ : मुलाखतीची प्रश्नावली | ३५ |
| | संदर्भसूची | ३६ |

ऋणनिर्देश

आमच्या इतिहासाच्या बाईंनी पहिला आराखडा परत केला, तेव्हा समासात एकच प्रश्न लिहिला होता : "हे कोणी सांगितले?" त्यानंतर प्रत्येक विधानापुढे आम्ही त्याचा आधार लिहू लागलो आणि सातवे प्रकरण त्यातूनच उभे राहिले. त्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत.

परिशिष्टातला कर्जरोखा सुप्याजवळच्या एका शेतकरी कुटुंबाने जपून ठेवला आहे. त्यांनी तो घरीच बसून पाहू दिला, छायाचित्र काढू दिले आणि नाव न छापण्याची अट घातली. ती आम्ही पाळली आहे. रोखा १८९२ चा, म्हणजे दंग्यांनंतरचा आहे. त्यामुळे तो दंग्यांचा पुरावा म्हणून नव्हे, तर खताची भाषा कशी असे हे कळावे म्हणून जोडला आहे. त्यातली मोडी आम्हाला वाचता येत नव्हती. गावातील निवृत्त तलाठी आजोबांनी दोन बैठकांत ती ओळीओळीने वाचून दाखवली, आकडे रुपये-आणे-पैत फोडून सांगितले आणि कागद फाटलेल्या जागी अंदाजाने शब्द भरू दिले नाहीत. लिप्यंतरात त्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत.

ग्रंथपाल सरांनी जिल्हा गॅझेटियरचे जुने खंड वाचनालयात बसून वापरू दिले. चौथ्या प्रकरणातील चक्रवाढीचे गणित गणिताच्या सरांनी तपासले. नकाशा हजेरी क्रमांक २२ ने काढला, मुलाखती क्रमांक १४ ने घेतल्या, लेखन व संदर्भसूची क्रमांक ३१ ने केली. उरलेल्या चुका आमच्या तिघांच्या आहेत.