दत्ताभाऊंना, वर्षअखेरीस

पुणे, ३१ डिसेंबर २०२५

दत्ताभाऊ,

सप्रेम नमस्कार.

रोज भेट होते, तरी हे पत्र लिहितोय. समोरासमोर बोलायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून गाडी पुसायला निघून जाता. लिहिलेलं घरी नेता येईल, वहिनींना आणि साक्षीला वाचून दाखवता येईल. आणि पैशांच्या ज्या गोष्टी खाली लिहिल्यात, त्या कागदावर सहीनिशी असलेल्या बऱ्या.

तुमची लॉगबुकची वही काल आम्ही दोघांनी बसून पहिल्या पानापासून वाचली. या वर्षी आप्पांची डायलिसिसची पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार मिळून १५६ वेळा आली. त्यातल्या १४७ फेऱ्या तुमच्या. उरलेल्या नऊ तुमच्या सुट्टीतल्या, आणि त्या नऊही वेळा बदली माणूस तुम्हीच आधी ठरवून, आदल्या दिवशी त्याला रस्ता दाखवून ठेवला होता. साडेसहाची वेळ एकदाही चुकली नाही. ही वेळ चुकली की मशीन पुढच्या पेशंटला जातं आणि आप्पांचे चार तास दुपारवर ढकलले जातात, हे घरात आम्हाला समजायच्या आधी तुम्हाला समजलं होतं.

तुम्ही काय काम करता असं कोणी विचारलं की आम्ही आजवर "गाडी चालवतात" एवढंच सांगत आलो. ते अपुरं आहे. परत येताना आप्पांचं बीपी उतरलेलं असतं. त्यांच्यासाठी पुढची सीट पूर्ण मागे आणि पाठ दोन खाचा आडवी, हे तुम्ही बसवलंत. राजाराम पुलाकडे वळताना ब्रेक दाबायची वेळच येऊ नये म्हणून कितीतरी आधी पाय अॅक्सिलरेटरवरून काढता. घराशी आल्यावर त्यांना लगेच उभं करत नाही. दोन्ही पाय बाहेर, तळवे जमिनीवर, दोन मिनिटं तसंच बसणं, मग उजवा हात धरून उठवणं. डाव्या हातात फिस्टुला आहे, तो हात ओढायचा नाही, त्यावर पिशवी अडकवायची नाही, हे सोसायटीच्या वॉचमनलाही तुम्हीच शिकवलंत. नाहीतर आधार द्यायला माणूस दाराच्या बाजूचा, म्हणजे नेमका डावाच हात धरायला जातो.

१७ जूनच्या मंगळवारबद्दल घरात पुरेसं बोलणं झालं नाही. म्हात्रे पुलाच्या अलीकडे आप्पांच्या पट्टीतून रक्त यायला लागलं. गाडी बाजूला घेऊन, डॅशबोर्डमधला गॉजचा तुकडा नेमक्या जागेवर ठेवून, दोन बोटांनी पंधरा मिनिटं दाबून धरलंत. मध्ये उचलून बघितलं नाहीत, वरून रुमालाने करकचून बांधलं नाहीत. रुमाल आवळला असता तर फिस्टुलातला प्रवाह बंद पडायची भीती होती, असं डायलिसिसच्या सिस्टरनी नंतर सांगितलं. रक्त थांबल्यावर घरी न आणता आप्पांना परत युनिटमध्ये दाखवून आणलंत. आम्हाला फोन केलात तो त्यांना सिस्टरच्या ताब्यात दिल्यावर, आणि पहिलं वाक्य होतं, "आप्पा ठीक आहेत." बातमी कोणत्या क्रमाने सांगायची हे फार थोड्या लोकांना कळतं.

शहाळ्यांचंही लिहायला हवं. डी. पी. रस्त्यावर शहाळंवाला दिसला की आप्पा गाडी थांबवायला सांगतात. शहाळ्यात पोटॅशियम फार, ते त्यांना चालत नाही, हे तुम्हाला पाठ आहे. पण तुम्ही नाही म्हणत नाही. आधीपासूनच उजव्या लेनला राहता आणि म्हणता, "आप्पा, आता मागून बस आलीय." वर्षभर ती बस येतेय. आप्पांनाही ते माहीत आहे, आणि तरी तुम्हा दोघांचं चाललंय.

वहीच्या डाव्या पानावर तुम्ही आप्पांचं वजन लिहिता. जाताना ६३.४, येताना ६१.१, असं. त्याची आम्ही तुम्हाला कधी विनंती केली नव्हती. ऑक्टोबरात लागोपाठ तीन वेळा वजन अडीच किलोच्या वर वाढलेलं त्या पानावरच दिसलं. म्हणून आप्पांच्या पाण्याचा हिशेब पुन्हा नीट बसवला, आणि डॉक्टरांसमोर तीच वही ठेवली.

गाडीचं थोडक्यात लिहितो, कारण त्यात आम्हाला तुमच्याइतकं कळत नाही. हवा नेहमी सकाळी, टायर गार असताना. गरम टायरवर काटा जास्त दाखवतो आणि मग माणूस चांगली हवा काढून टाकतो. सीएनजी पहाटे, रांग नसताना आणि पंपाला प्रेशर असताना. आठवड्यातून थोडं अंतर मुद्दाम पेट्रोलवर, इंजेक्टर आखडू नयेत म्हणून. पावसाळ्याआधी बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीनचा हात. सिलिंडरच्या हायड्रो टेस्टला तीन वर्षं होत आलीत, ही आठवण तुमची. आम्ही तर ती पाटी कुठे असते तेही पाहिलं नव्हतं. वर्षभरात गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही.

ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला, त्या रात्री न सांगता येऊन गाडी तळघरातून काढून वरच्या रस्त्याला लावलीत. २०२४ च्या २५ जुलैला एकतानगरीत काय झालं ते या भागात कोणी विसरलेलं नाही. आणि अनंत चतुर्दशी या वर्षी शनिवारीच आली, ६ सप्टेंबरला. आदल्या दिवशी बंद रस्त्यांची यादी बघून तुम्ही टिळक रस्ता आणि कर्वे रस्त्याचं खालचं टोक दोन्ही टाळलंत आणि पुलावरून थेट डी. पी. रस्त्याने गेलात. आप्पा बारा वाजता घरी होते, टीव्हीवर मानाचा पहिला गणपती बघत.

आता आमच्या चुका.

मार्चमध्ये पाचशे रुपयांचं ई-चलान आलं, झेब्रा पट्टीवर गाडी थांबवल्याचं. आम्ही न बघता तुमच्या पगारातून कापलं. नंतर चलानवरचा फोटो उघडला तेव्हा तारीख रविवारची निघाली. त्या दिवशी गाडी शरदच्या हातात होती. पैसे एप्रिलच्या पगारात परत घातले, पण तोंडातून शब्द काढला नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत. दत्ताभाऊ, चूक आमची होती, आणि तुमच्यावर ठपका ठेवण्याआधी विचारलं नाही ही त्याहून मोठी. माफ करा. यापुढे चलान आलं तर आधी फोटो दोघांनी मिळून बघायचा, मग बोलायचं.

दुसरं, जादा तासांचं. संध्याकाळी सातनंतर थांबावं लागलं त्याच्या वेळा तुम्ही वहीत लिहिल्यात, पैसे मात्र एकदाही मागितले नाहीत. आम्ही बेरीज केली: ३८ तास. तासाला १५० रुपयांप्रमाणे ५,७०० रुपये आज पगाराच्या खात्यावर टाकलेत. ही थकबाकी आहे, बक्षीस म्हणून धरू नका. जानेवारीपासून हे तास त्या-त्या महिन्याच्या पगारातच मिळतील.

सोबतच्या पाकिटात ११,००० रुपये आहेत. ते वर्षअखेरची भेट म्हणून. दिवाळीला दिलेला एक पगार हा तुमचा बोनस होता, त्याच्याशी याचा संबंध नाही. साक्षीच्या फीसाठी घेतलेल्या उचलीपैकी ५,००० राहिलेत, ते आता कापणार नाही. वहीत तिथे "फिटले" लिहून सही केली आहे. १ जानेवारीपासून पगार २२,००० ऐवजी २४,५०० रुपये, आणि तो पाच तारखेच्या आत. या वर्षी दोनदा दहा तारीख उजाडली, तुमचा घरभाड्याचा दिवस पाच असताना.

रविवार तुमचा, तो तसाच राहील. त्याशिवाय वर्षाला १५ भरपगारी सुट्ट्या, आणि चैत्रात गावच्या जत्रेचे दोन दिवस त्यात धरायचे नाहीत. भोरला जाताना गाडी हवी असेल तर न्या, गॅस आमच्याकडून.

दवाखान्यात आप्पा आत असतात ते चार तास तुम्ही मे महिन्यातही पार्किंगमध्ये, काचा खाली करून गाडीत बसून काढले. हे आम्हाला फार उशिरा सुचलं. आता आप्पांना आत सोडलं की तुम्ही मोकळे. कँटीनमध्ये बसा, पाय मोकळे करा, फोन तेवढा जवळ ठेवा. चहा-नाश्त्याचे दिवसाला ८० रुपये वेगळे. आणि इथे सोसायटीत क्लब हाऊसच्या स्वच्छतागृहाची किल्ली आता तुमच्याकडेही राहील. सेक्रेटरींशी बोलणं झालं आहे, कोणी अडवलं तर आमचं नाव सांगा.

विम्याचं: गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचं कलम आहे, हे तपासून घेतलं. तुमच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू नसेल तर शनिवारी दुपारी बँकेत जाऊन फॉर्म भरू. वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वारस म्हणून वहिनींचं नाव घालायला त्यांचं आधार बरोबर आणा. पैसे मेअखेर खात्यातून जातात, तेव्हा खात्यात शिल्लक असू द्या. एवढ्यासाठी लोकांचे विमे बंद पडतात.

तुमच्या कामाचा दाखलाही वेगळ्या कागदावर टाईप करून दिला आहे. तुम्ही जावं असं आमच्या मनात नाही. पण उद्या दुसरीकडे जास्त पगार मिळाला तर दाखल्यासाठी आमच्यापुढे उभं राहायला लागू नये.

आप्पांनी लिहायला सांगितलंय ते त्यांच्याच शब्दांत: "दत्ताला सांगा, ती बस आता कधीतरी पुढे जाऊ दे."

आज रात्री तुम्हाला कोणीही फोन करणार नाही, कुठेही जायचं नाही. उद्या गुरुवार आहे, एक तारीख असली तरी पाळी आहेच, नेहमीप्रमाणे पावणेसहाला. किल्ली खिळ्यावर आहे आणि गॉजचं नवं पाकीट डॅशबोर्डमध्ये ठेवलंय.

तुमचे,
शरद आणि मेधा